फरकातून कापलेला पीएफ कुठे जातो?

कारखान्यातला वेतन करार वेळेवर झाला असं क्वचितच घडतं. जुन्या कराराची मुदत संपते, युनियन मागणीपत्र देते, बैठकांवर बैठका होतात, आणि दीड-दोन वर्षांनी सह्या होतात. करार मात्र जुना संपला त्या दिवसापासून लागू धरला जातो. साखर कारखान्यांचे त्रिपक्षीय करार असोत की एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीचा साधा पगारवाढीचा करार, मधल्या महिन्यांचा ‘फरक’ एकदम मिळतो. घराचं छप्पर, मुलीची फी, सोसायटीचा हप्ता अशी त्या पैशांची वाटणी आधीच ठरलेली असते. मग पगार स्लिप हातात येते आणि तिच्यात पीएफची मोठी कपात दिसते. ‘आमच्या हक्काच्या फरकातून पीएफ कशाला कापला?’ हा प्रश्न दर करारानंतर टाइम ऑफिसच्या खिडकीशी विचारला जातो.

कपात योग्यच असते. भविष्य निर्वाह निधी कायद्यात, म्हणजे १९५२ च्या कायद्यात, मूळ वेतनाची व्याख्या ‘दिलेले किंवा देय असलेले’ वेतन अशी आहे. मागच्या तारखेपासून पगार वाढला म्हणजे त्या मागच्या महिन्यांचं वेतनच वाढलं. पैसे उशिरा मिळाले एवढाच काय तो फरक. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये राजस्थान राज्य विद्युत मंडळाच्या कामगारांच्या प्रकरणात हेच सांगितलं: पूर्वलक्षी वेतनवाढीमुळे मिळणारी थकबाकी ही मूळ वेतनाचाच भाग आहे आणि तिच्यावर कामगाराची आणि मालकाची, अशी दोघांचीही वर्गणी भरावी लागते. त्यामुळे कपात व्हावी की नाही, यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. लक्ष द्यायला हवं ते कपातीच्या पुढच्या हिशेबाकडे. कापलेला पैसा आणि मालकाने घालायचा पैसा कोणकोणत्या खात्यात, किती आणि कोणत्या महिन्यांच्या नावावर जमा झाला, हे फार थोडे कामगार तपासतात. नुकसान होतं ते तिथेच.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक कामगार धरा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याला महिना १३,२०० रुपये मिळत होते. नवा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू धरला. महिन्याची एकूण वाढ ४,००० रुपये. त्यातले ३,३०० रुपये मूळ पगार आणि महागाई भत्त्यात धरले, ७०० रुपये घरभाड्यात. एप्रिल २०२५ चा पगार नव्या दराने निघाला. म्हणजे फरक राहिला एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या २४ महिन्यांचा, एकूण ९६,००० रुपये.

या ९६,००० वर सरसकट पीएफ कापला जात नाही. खऱ्या घरभाडे भत्त्यावर वर्गणी बसत नाही, म्हणून त्याचे १६,८०० रुपये बाजूला काढायचे. उरलेल्या ७९,२०० रुपयांवर १२ टक्के म्हणजे ९,५०४ रुपये कामगाराच्या फरकातून कापायचे. मालकानेही तेवढेच, ९,५०४ रुपये, स्वतःच्या खिशातून घालायचे. (विडी उद्योगासारख्या काही ठरावीक आस्थापनांत दर १० टक्के असतो, तिथे हिशेब त्या दराने करायचा.) घरभाड्याच्या नावाखाली पगाराचा मोठा हिस्सा लपवता येत नाही, हेही सांगायला हवं. सर्व कामगारांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ वेतनातच धरायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिलेला आहे. त्यामुळे करारावर सही करताना वाढीचा कोणता भाग कोणत्या नावाने लिहिला आहे, हे युनियनने बारकाईने पाहिलं पाहिजे. नंतर फरकाचा हिशेब त्याच नावांवर बेततात.

कामगाराचे ९,५०४ सरळ त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या ९,५०४ चे मात्र दोन भाग होतात. वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते आणि उरलेली पीएफ खात्यात. पेन्शनच्या भागाला कमाल मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांचंच वेतन धरतात. म्हणजे पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात. आपल्या कामगाराचा जुना पगार या मर्यादेच्या खाली होता आणि नवा पगार, १६,५०० रुपये, तिच्या वर गेला आहे. फरकाचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो अशाच कामगारांचा.

बरोबर हिशेब महिन्यागणिक मांडावा लागतो. एप्रिल २०२३ चं उदाहरण घ्या. त्या महिन्यात १३,२०० च्या ८.३३ टक्के म्हणून पेन्शन खात्यात १,१०० रुपये आधीच भरलेले आहेत. नव्या पगाराने तिथे १,२५० जायला हवे होते, म्हणजे कमी पडले १५० रुपये. त्याच महिन्यात मालकाच्या वाट्यातून पीएफ खात्यात ४८४ गेले होते, ते ७३० व्हायला हवेत. कमी पडले २४६. दीडशे आणि दोनशे सेहेचाळीस मिळून ३९६, आणि ३,३०० चे १२ टक्केही ३९६ च होतात. म्हणजे ताळा जुळला. असं २४ महिने केलं की मालकाच्या ९,५०४ पैकी ३,६०० रुपये पेन्शनला आणि ५,९०४ रुपये पीएफला जातात.

पगाराचं काम करणारा माणूस घाईत असेल किंवा सॉफ्टवेअरमध्ये फरक एकाच ओळीत टाकला असेल, तर दोनपैकी एक चूक होते. पहिली चूक म्हणजे ७९,२०० रुपयांवर सरसकट ८.३३ टक्के लावणं. त्यामुळे ६,५९७ रुपये पेन्शनला जातात. त्यातले जवळजवळ तीन हजार तिथे जायलाच नको होते. ते कामगाराच्या पीएफ खात्यात हवे होते आणि त्यांवर व्याज मिळायला हवं होतं. दुसरी चूक जास्त महागात पडते. सगळा फरक एप्रिल २०२५ या एकाच महिन्याच्या पगारात धरला जातो. त्या महिन्याची १५,००० ची मर्यादा चालू पगारानेच भरलेली असते. मग फरकातलं पेन्शनला काहीच जात नाही आणि सगळे ९,५०४ रुपये पीएफ खात्यात जमा होतात. कामगार पासबुक पाहतो आणि पीएफ जास्त दिसला म्हणून खूशच होतो. पण मागच्या २४ महिन्यांचं त्याचं पेन्शनचं वेतन मात्र जुन्या १३,२०० वरच अडकलेलं राहतं.

याचा परिणाम निवृत्तीनंतर दिसतो. पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनावर काढतात. सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं, असं ते सूत्र आहे. आपला कामगार नोव्हेंबर २०१४ मध्ये लागला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ५८ वर्षांचा झाला असं धरू. त्याची सेवा ११ वर्षांची. ६० पैकी २४ महिन्यांत पेन्शनचं वेतन दरमहा १,८०० ने कमी धरलं गेलं, तर सरासरी ७२० रुपयांनी घसरते. ७२० ला ११ ने गुणून ७० ने भागलं की उत्तर येतं साधारण ११३ रुपये. मालकाने एका पैशाचीही चोरी केलेली नाही, भरणा पूर्ण केला आहे, तरी या माणसाला दरमहा ११३ रुपये कमी मिळतील, आणि तेही आयुष्यभर. त्याच्या मागे पत्नीला मिळणारं पेन्शनही त्याच हिशेबाने कमी होईल. दोन-सव्वादोन हजारांच्या पेन्शनमध्ये सव्वाशेला पोहोचणारी रक्कम किरकोळ म्हणता येणार नाही. रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या त्यात येतात.

म्हणून फरकाचा भरणा करताना प्रत्येक महिन्याचा फरक त्या त्या महिन्याच्या नावावरच दाखवायचा, हा साधा नियम पाळावा लागतो. ज्या महिन्याचं वेतन, त्या महिन्याचीच मर्यादा आणि त्या महिन्याचाच दर. एखादा फार जुना वाद कोर्टातून निकाली निघाला आणि फरक २०१३ पर्यंत मागे गेला, तर सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या महिन्यांना पेन्शनसाठी ६,५०० रुपयांची तेव्हाची मर्यादा लागते, त्यानंतरच्या महिन्यांना १५,००० ची.

सगळ्यांचा हिशेब आपल्या उदाहरणासारखा नसतो. ज्याचा जुना पगारही १५,००० च्या वर होता आणि ज्याची वर्गणी पूर्ण पगारावर जात होती, त्याच्या पेन्शन खात्यात फरकातलं काहीच जाणार नाही, कारण मर्यादा आधीच भरलेली होती. त्याच्या बाबतीत मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफलाच जातात आणि ते बरोबर आहे. काही कंपन्या मात्र पगार कितीही असला तरी १५,००० वरच वर्गणी भरतात. कायद्याने तशी मुभा आहे. अशा कंपनीत आपल्या कामगाराच्या फरकावरचा पीएफ ३,३०० वर न बसता १३,२०० ते १५,००० या मधल्या १,८०० वरच बसेल. २४ महिन्यांचे ४३,२०० आणि त्यांवर १२ टक्के म्हणजे ५,१८४. पण कंपनी आजवर इतर सगळ्यांची वर्गणी पूर्ण पगारावर भरत आली असेल आणि फक्त फरक देताना तिला मर्यादा आठवली असेल, तर कामगारांनी लेखी खुलासा मागावा.

मालकाचा खर्च ९,५०४ वर थांबत नाही. ठेवीशी संलग्न विमा योजनेचा अर्धा टक्का १५,००० च्या मर्यादेपर्यंत भरावा लागतो, तो २१६ रुपये होतो. प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का ७९,२०० वर, म्हणजे ३९६ रुपये. असे मालकाचे एकूण १०,११६ रुपये होतात आणि हे सगळे मालकानेच सोसायचे असतात. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापता येणार नाही, करारात तसं लिहून घेतलं असलं तरीही नाही, असं पीएफ योजनेच्या ३१ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलं आहे. तरी काही ठिकाणी ‘तुमच्या फरकातूनच दोन्ही वाटे भरले’ असं सांगून २४ टक्के कापले जातात. ही कपात बेकायदा आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा, ३२ वा परिच्छेद, कारण कारखान्यात तो फारसा कोणाला माहीत नसतो. कामगाराचा वाटा ज्या महिन्यांसाठी द्यायचा, त्या महिन्यांच्या वेतनातूनच तो कापता येतो. दुसऱ्या महिन्याच्या पगारातून नाही. नेहमी घडणारी गोष्ट पाहा. दिवाळी तोंडावर असते, कामगार खूश राहावेत म्हणून फरक पूर्णच्या पूर्ण, कपात न करता दिला जातो. जानेवारीत पीएफ कार्यालयाची तपासणी होते किंवा ऑडिटर बोट ठेवतो. मग फेब्रुवारीच्या पगारातून एकदम साडेनऊ हजार कापले जातात. कामगाराच्या हातात तीन-चार हजारच येतात आणि ‘पीएफचा नियम आहे’ एवढं एकच उत्तर मिळतं. नियम नेमका उलटा आहे. फरक देताना कापलं नाही, तर कामगाराचा वाटाही मालकालाच भरावा लागतो. कामगाराने खोटी माहिती लेखी दिली असेल किंवा कारकुनी चूक झाली असेल, तरच अपवाद होतो, आणि कारकुनी चुकीतही पीएफ निरीक्षकाची लेखी संमती लागते. संमती न घेता पुढच्या पगाराला हात लावता येत नाही. फरक देण्याच्या दिवशीच हिशेब पूर्ण करून कापणं हे म्हणूनच मालकाच्याही हिताचं आहे.

उशिराचा प्रश्नही मालकांना सतावतो. २०२३ ची वर्गणी २०२५ मध्ये भरली तर दोन वर्षांचं व्याज आणि दंड लागेल का? वर्गणी वेतनाच्या महिन्यानंतर पंधरा दिवसांत भरायची असते. पण करार होण्याआधी वाढीव पगार देयच नव्हता. म्हणून करार झाल्यावर फरक ज्या महिन्यात दिला, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरणा झाला तर उशीर झाला असं म्हणता येत नाही. मात्र ते सिद्ध करणारा कागद जवळ हवा: सह्या आणि तारीख असलेली कराराची प्रत किंवा वेतनवाढीचा आदेश, आणि फरक वाटल्याचं पत्रक. करार २०२३ मध्येच झाला होता आणि मालकाने पैसे दोन वर्षं दाबून ठेवले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वेतन देय झालेलंच होतं. अशा उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि जून २०२४ पासून महिन्याला एक टक्का दंड असे दोन्ही लागतात. दोनशे कामगारांचा कारखाना असेल तर ही रक्कम लाखांत जाते.

करार लांबल्याने कामगाराचं मात्र एक नुकसान होतं आणि त्याची भरपाई कोणीच करत नाही. पीएफवरचं व्याज पैसे खात्यात आल्याच्या पुढच्या महिन्यापासून मिळतं. एप्रिल २०२३ चे पैसे मे २०२५ मध्ये आले, तर मधल्या दोन वर्षांचं व्याज बुडालं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी दर ८.२५ टक्के होता. युनियनने करार लांबवताना आणि व्यवस्थापनाने तारखांवर तारखा देताना हा बुडालेला व्याजाचा पैसाही हिशेबात धरावा.

मधल्या काळात नोकरी सोडलेल्यांचं काय, हा प्रश्न हमखास उरतो. जो कामगार डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला, त्यालाही त्याने केलेल्या कामाच्या महिन्यांचा फरक मिळतो, आणि त्यावर वर्गणीही बसते, कारण त्या महिन्यांत तो सभासद होता. त्याने पीएफ काढून घेतला असला तरी नवी रक्कम त्याच्याच जुन्या खात्यात जमा होते आणि ती काढण्यासाठी पुन्हा दावा करावा लागतो. पेन्शन सुरू झालं असेल तर पेन्शनच्या वाढीव वेतनावर त्याचा फेरहिशेब मागायला हवा. तो आपोआप होईल, या भरवशावर बसू नये. मरण पावलेल्या कामगाराच्या बाबतीत हे काम वारसाला करावं लागतं. कारखान्याने अशा घरांना पत्र पाठवायला हवं. पण पुष्कळदा पाठवत नाहीत, आणि चार-पाच हजार रुपये वर्षानुवर्षं खात्यात पडून राहतात. वस्तीतल्या अशा एखाद्या विधवेला कोणी ही माहिती दिली तरी मोठं काम होईल.

तपासायचं कसं? passbook.epfindia.gov.in वर यूएएन टाकून पासबुक उघडा, किंवा उमंग अॅपवर पाहा. पासबुकात प्रत्येक महिन्यासमोर पीएफचं वेतन, पेन्शनचं वेतन, कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनची वर्गणी असे वेगवेगळे रकाने असतात. बहुतेक जण फक्त शेवटची शिल्लक पाहतात. फरक जमा झाल्यावर पेन्शनचा रकाना बघा. तुमचा जुना पगार १५,००० च्या आत असेल आणि फरकापोटी त्या रकान्यात शून्य दिसत असेल, तर फरक एकाच महिन्यात टाकला गेला आहे असं समजा. आणि पेन्शनला गेलेली रक्कम फरकाच्या बरोबर ८.३३ टक्के येत असेल आणि नवा पगार मर्यादेच्या वर असेल, तर पहिल्या प्रकारची चूक झाली आहे. स्लिपवरची कपात आणि पासबुकातला कामगाराचा वाटा जुळतो का, हेही पाहा. न जुळणं ही गंभीर गोष्ट आहे, कारण कापलेला पैसा भरलाच नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

चूक आढळली तर आधी कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुरुस्ती कंपनीकडूनच व्हावी लागते. पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही, तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा. तिच्यासोबत कराराची प्रत, फरकाची स्लिप आणि पासबुकाचं पान जोडा. पीएफ स्वतःच्या ट्रस्टमार्फत चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत पीएफचा पैसा ट्रस्टकडे असतो, पण पेन्शनचा वाटा तिथेही सरकारी कार्यालयातच जातो. म्हणून पेन्शनची तक्रार त्याच कार्यालयाकडे करायची.

आणि पुढच्या वेळी करारावर सह्या होतील तेव्हा युनियनच्या प्रतिनिधींनी आणखी एक कलम आवर्जून घालून घ्यावं: फरकाबरोबर प्रत्येक कामगाराला महिनेवार तक्ता मिळेल आणि त्यात जुना पगार, नवा पगार, कामगाराची कपात, मालकाचा पीएफ आणि पेन्शनचा वाटा वेगवेगळे दाखवलेले असतील. कंपनीला त्यासाठी जास्तीचा खर्च नाही, कारण भरणा बरोबर करायचा तर हा तक्ता तिला करावाच लागतो.